जेडीतल्या कोऱ्या रकान्यांतून काढलेले मुलाखतीचे प्रश्न

भोसरीतल्या एका मशिनिंग कंपनीत मी आठ वर्षं क्वालिटी इंजिनिअर होते. मुलगी लहान होती आणि सासऱ्यांचं आजारपण सुरू झालं, म्हणून दोन वर्षं घरी थांबले. पुन्हा नोकरी शोधताना चाकणमधल्या एका कंपनीची ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर’ ही जागा दिसली. कंपनी गाड्यांच्या पेडल असेम्ब्ली बनवते. तिला मशिनिंगचे, कास्टिंगचे आणि प्लॅस्टिक मोल्डिंगचे पार्ट बाहेरून येतात. ते चांगले यावेत हे बघणं म्हणजे ही नोकरी. आठ वर्षं मी सप्लायरच्या बाजूला बसून कस्टमरला उत्तरं दिली होती. ही जागा टेबलाच्या दुसऱ्या बाजूची होती.

अर्ज पाठवण्यापूर्वी मी रेझ्युमे जेडीशी, म्हणजे त्या जागेच्या कामाच्या वर्णनाशी, ताडून पाहिला. माझ्या जुन्या कंपनीतले एक वरिष्ठ, माझे सर, आता दुसरीकडे सप्लायर क्वालिटी सांभाळतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, “रविवारी ये, दोन्ही कागद घेऊन ये.” आम्ही जेडीतलं प्रत्येक वाक्य सुटं केलं, कारण एका वाक्यात दोन-तीन मागण्या दडलेल्या असतात. ‘मशिनिंग, कास्टिंग व मोल्डिंग सप्लायरचे पीपॅप मंजूर करणे’ या एका ओळीत चार मागण्या निघाल्या. पीपॅप म्हणजे पार्टचं उत्पादन सुरू करण्याच्या मंजुरीसाठी सप्लायर कस्टमरला देतो ती फाइल. प्रत्येक मागणीसमोर रेझ्युमेतली नेमकी ओळ लिहायची, आणि ओळ सापडली नाही तर रकाना कोरा सोडायचा, असा त्यांचा नियम होता. “तुला येतं हे मला माहीत आहे,” ते म्हणाले, “पण कागदावर नसेल तर कोरंच ठेव.”

शेवटी पाच रकाने कोरे राहिले. मोल्डिंगचा काहीच अनुभव नव्हता. पीपॅप बनवल्याचं रेझ्युमेत होतं, मंजूर केल्याचं नव्हतं. व्हीडीए ६.३ या जर्मन प्रोसेस ऑडिट पद्धतीचं ऑडिटरचं प्रमाणपत्र नव्हतं. एसएपी वापरलेलं नव्हतं, आमच्याकडे छोटी स्थानिक ईआरपी होती. आणि दोन वर्षांचा खंड होता.

मी अर्ज केला आणि मुलाखतीचा फोन आला. मला सगळ्यात उपयोगी पडलेला विचार सरांनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितला. “हे पाच रकाने त्यांनाही दिसलेत, तरी त्यांनी बोलावलंय. म्हणजे या कमतरतांमुळे तू बाद झालेली नाहीस. आता त्यांच्या मनात प्रत्येक रकान्यामागे एक शंका आहे. ते शंका विचारणार नाहीत, शंका फिटेल असा प्रश्न विचारतील. तो प्रश्न तू आधी लिहून काढ.”

म्हणून मी कोऱ्या रकान्यांची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येकासमोर आधी शंका लिहिली, त्या माणसाच्या भाषेत आणि आडपडदा न ठेवता. मोल्डिंगसमोर लिहिलं: ‘ही मोल्डिंग सप्लायरकडे जाईल आणि तिथला टूलरूमवाला जे सांगेल ते खरं मानून परत येईल.’ पीपॅपसमोर: ‘हिने फायली भरल्या आहेत, वाचल्या आहेत का? चुकीच्या फाइलवर सही करेल का?’ खंडासमोर दोन शंका आल्या. एक एचआरची, की ही टिकेल का, प्रवास करेल का. दुसरी मॅनेजरची, की हिचं ज्ञान दोन वर्षं मागे राहिलंय का. शंका वेगळी तर प्रश्न वेगळा आणि विचारणारा माणूसही वेगळा, हे लिहितानाच दिसायला लागलं.

‘मोल्डिंगचा अनुभव आहे का?’ हा प्रश्न कोणी विचारणार नव्हतं, कारण उत्तर कागदावरच होतं. त्या शंकेतून निघणारा खरा प्रश्न मी असा लिहिला: ‘नायलॉनचा बुश ब्रॅकेटच्या बोअरमध्ये घट्ट जातोय. सकाळी लाइनवरून फोन आला. काय करशील?’ मग या प्रश्नाच्या पोटातले पुढचे प्रश्न लिहिले. सप्लायर म्हणतो आमच्याकडे माप बरोबर होतं, मग? तुला कसं कळलं की दोष त्याचाच आहे? पुन्हा होऊ नये म्हणून त्याच्याकडे काय बदलायला सांगशील? सरांचा आग्रह होता की प्रत्येक प्रश्नाखाली निदान तीन पायऱ्या उतरायच्या. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देता येतं, तिसऱ्याला नाही.

प्लॅस्टिकचं सगळं शास्त्र त्या थोड्या वेळात शिकणं शक्य नव्हतं, आणि तसा प्रयत्न करायचाही नव्हता. मला एवढंच हवं होतं की माझं मशिनिंगचं डोकं मोल्डिंगवर कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे मला नेमकं सांगता यावं. मैत्रिणीच्या दिरांचं तळवड्यात छोटं मोल्डिंग युनिट आहे, तिथे जाऊन मशीनजवळ उभी राहिले. माझे दोन मुद्दे तिथेच तयार झाले.

पहिला मुद्दा कॅव्हिटीचा. एका टूलमध्ये, म्हणजे साच्यात, चार किंवा आठ कॅव्हिटी, म्हणजे पार्टच्या आकाराच्या पोकळ्या, असतात आणि बहुधा प्रत्येक पार्टवर तिचा आकडा उमटलेला असतो. बिघडलेले पार्ट हातात आले की आधी तो आकडा बघायचा. सगळे खराब पार्ट एकाच कॅव्हिटीचे असतील तर संशय टूलवर जातो. सगळ्या कॅव्हिटींमध्ये सारखाच दोष असेल तर मटेरियलवर किंवा प्रोसेस सेटिंगवर. आमच्याकडे दोन स्टेशनच्या फिक्स्चरवर बोअर वाकडा आला की मी आधी स्टेशन वेगळं करायची, तोच हा विचार. इथे माझं डोकं चालत होतं.

दुसरा मुद्दा मशिनिंगवाल्याला चकवणारा आहे. लोखंडाचा पार्ट आज मोजला आणि आठवड्याने मोजला तर माप तेच येतं. नायलॉन हवेतली आर्द्रता शोषतं आणि फुगतं. मशीनमधून नुकताच पडलेला कोरडा बुश आणि पावसाळ्यात काही आठवडे गोदामात पडलेला बुश यांचं माप एक नसतं. म्हणजे सप्लायर ‘आमच्याकडे ओके होता’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही. म्हणून विचारायचं ते हे, की मोल्डिंगनंतर किती वेळाने मोजलं, आणि माप कोणत्या स्थितीतलं धरायचं हे ड्रॉइंगवर लिहिलं आहे का. आर्द्रतेची दुसरी बाजूही तिथे कळली. दाणे ड्रायरमध्ये नीट सुकवले नाहीत तर पार्टवर चंदेरी रेघा येतात आणि ताकद कमी होते. त्यामुळे सप्लायरकडे गेलं की ड्रायरचं तापमान आणि वेळेची नोंद आधी बघायची. होल्डिंग प्रेशर, कूलिंग टाइम आणि पुन्हा दळून मिसळलेला माल किती वापरलाय, हे मी विचारायच्या गोष्टी म्हणून लिहून ठेवलं. त्यांची बरोबर उत्तरं काय असावीत याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं, कारण तिथे माझं ज्ञान संपत होतं.

ती सीमा उत्तरात कुठे सांगायची हाही तयारीचाच भाग होता. मी आधी उत्तराच्या शेवटी ‘अर्थात मला मोल्डिंगचा अनुभव नाही’ असं म्हणत होते. सरांनी ते वाक्य सुरुवातीला आणायला लावलं: “मोल्डिंगवर मी काम केलेलं नाही. मी पुढे कशी जाईन ते सांगते.” शेवटी म्हटलं की आधीच्या सगळ्या उत्तरावर पाणी पडतं. सुरुवातीला म्हटलं की ऐकणारा माणूस पुढचं उत्तर पद्धत म्हणून ऐकतो.

पीपॅपचा रकाना वेगळ्या प्रकारचा होता. तिथे ज्ञान होतं, बाजू बदलायची होती. पीपॅपच्या १८ बाबी आणि सबमिशनच्या ५ पातळ्या मला झोपेतही सांगता आल्या असत्या. पण पुढ्यात आलेली फाइल घेऊन ‘कुठे बघशील?’ असं कोणी विचारलं तर ‘सगळं बघेन’ हे उत्तर चालत नाही. प्रश्न लिहिला: ‘सप्लायरची लेव्हल ३ ची फाइल आली आहे. अर्धा तास आहे. कोणत्या गोष्टीवर सही नाकारशील?’

यासाठी मी जुन्या कंपनीतला एक पार्ट आठवला आणि त्याची फाइल मनातल्या मनात कस्टमरच्या खुर्चीत बसून वाचली. कागद माझ्याकडे नव्हते आणि नसायलाच हवे होते. पार्टचं किंवा कस्टमरचं नावही मुलाखतीत घ्यायचं नव्हतं, तेही तयारीत लिहून ठेवलं. फाइल वाचताना एकच धागा धरला. ड्रॉइंगवरचं एखादं स्पेशल कॅरेक्टरिस्टिक, म्हणजे खास जपायचं माप, घ्यायचं आणि ते एफएमईएत म्हणजे संभाव्य बिघाडांच्या तक्त्यात, कंट्रोल प्लॅनमध्ये, ऑपरेटरच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये, गेजच्या अभ्यासात आणि सीपीके या प्रोसेसच्या क्षमतेच्या आकड्यात तसंच उतरलंय का बघायचं. हा धागा नेहमी ठरावीक जागी तुटतो, आणि त्या जागा मला माहीत होत्या कारण आमच्याही फाइलमध्ये तिथेच कस्टमरने बोट ठेवलं होतं. कंट्रोल प्लॅनमध्ये एअर गेज लिहिलेलं असतं आणि गेज आर अँड आरचा अभ्यास बोअर डायल गेजवर केलेला असतो. प्रोसेस फ्लोमध्ये ऑपरेशन ४० म्हणजे बोअरिंग असतं आणि कंट्रोल प्लॅनमध्ये ते ५० वर गेलेलं असतं. मोल्डिंगच्या पार्टबाबत एक जोड दिली: माप प्रत्येक कॅव्हिटीचं आहे का. पीपॅपच्या नियमात ते लागतं, आणि एका कॅव्हिटीचे पार्ट मोजून काम भागवण्याचा मोह सप्लायरला होऊ शकतो.

मग सरांनी एक गणित घातलं, जे मला सगळ्यांत आवडलं. बोअर २० एच७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर. सप्लायरच्या अभ्यासात सरासरी २०.०१२ आणि सिग्मा, म्हणजे मापांचा पसारा, ०.००२५. वरच्या बाजूला ०.००९ जागा उरते, तिला तीन सिग्माने म्हणजे ०.००७५ ने भागलं की १.२०. खालच्या बाजूला १.६० येतं, म्हणून सीपीके १.२०. पीपॅपच्या मोजपट्टीवर १.३३ च्या खाली नामंजूर, १.६७ च्या वर मंजूर, मधलं कस्टमरशी बोलून ठरवायचं. “सप्लायर म्हणतो,” सर म्हणाले, “मॅडम, ऑफसेट मारतो, सरासरी मध्यावर आणतो, सीपीके वाढेल. सही कराल?”

मी कागदावर करून पाहिलं. सरासरी अगदी मध्यावर, २०.०१०५ ला आणली तरी ०.०१०५ भागिले ०.००७५ म्हणजे १.४० च होतं. ऑफसेटने त्याहून पुढे जाता येत नाही. १.६७ हवं असेल तर पसाराच कमी करावा लागेल, सिग्मा साधारण ०.००२१ पर्यंत खाली यावा लागेल. म्हणजे टूल बदलण्याची वारंवारता, क्लॅम्पिंग, कूलंट अशा गोष्टींकडे जावं लागेल. माझं उत्तर ठरलं: ऑफसेट मारून नवा अभ्यास पाठवा, तोवर पूर्ण मंजुरी नाही. १.४० आलं तर पसारा कमी करण्याचा आराखडा आणि तोपर्यंत वाढीव तपासणी, आणि मंजुरी मुदतीची. हे उत्तर देताना मला कुठेही ‘मी पीपॅप मंजूर केलेले नाहीत’ असं म्हणायची गरज पडत नव्हती, कारण मंजूर करणाऱ्याने जो निर्णय घ्यायचा तोच मी त्यांच्यासमोर घेऊन दाखवत होते.

खंडाच्या रकान्याला मी सुरुवातीला घाबरत होते. सरांनी तिथे कमी बोलायला शिकवलं. एचआरच्या प्रश्नाला दोन वाक्यं: घरच्या जबाबदारीसाठी दोन वर्षं थांबले होते, आता घरची व्यवस्था लागली आहे आणि महिन्यात काही दिवस बाहेरगावी जाणं मला शक्य आहे. एवढं बोलून थांबायचं. खंडाचं स्पष्टीकरण लांबलं की समोरच्याला त्यात नवे प्रश्न दिसायला लागतात. प्रवासाचं मी आपण होऊन सांगायचं ठरवलं, कारण या कामात कोल्हापूरची फाउंड्री आणि वाळूजचा मोल्डर आलाच. ते वाक्य खरं असावं म्हणून घरी आधी बोलून घेतलं. सासूबाईंनी आणि नवऱ्याने कोणते दिवस कोण बघेल हे ठरवलं, तेव्हाच ते वाक्य कागदावर लिहिलं.

मॅनेजरच्या शंकेला मात्र वाक्यांनी उत्तर देता येत नाही, पुरावा लागतो. दोन वर्षांत काय बदललं असा प्रश्न लिहिला आणि त्यातला एकच बदल नीट धरला. माझी जुनी कंपनी मी सोडली तेव्हा तिथे अजून जुन्या पद्धतीचं एफएमईए चालत होतं, म्हणजे गंभीरता, वारंवारता आणि पकड यांचा गुणाकार करून आरपीएन काढायचा आणि शंभराच्या वर गेलं की कृती करायची. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एआयएजी आणि जर्मनीच्या व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून जे एफएमईए हँडबुक काढलं त्यात आरपीएन गेला आणि ॲक्शन प्रायॉरिटी आली: हाय, मीडियम, लो. नुसतं एवढं सांगितलं तर ते वाचलेलं वाटलं असतं. म्हणून एक उदाहरण तयार ठेवलं. गंभीरता ९, वारंवारता ४, पकड २ असेल तर आरपीएन ७२ येतो, आणि शंभराची रेघ धरणारी कंपनी त्याकडे बघतही नाही. नव्या तक्त्यात हेच आकडे हायमध्ये बसतात, कारण गंभीरतेला आधी मान आहे. पेडलच्या पार्टसाठी हा फरक पुस्तकी नाही, ब्रेकच्या पेडलवर गंभीरता ९ किंवा १० च्या खाली येणं कठीण. हे उदाहरण मी त्यांच्याच उत्पादनाशी जोडून ठेवलं.

व्हीडीए ६.३ जेडीत ‘असल्यास प्राधान्य’ या सदरात होतं, त्यामुळे त्यावर फार वेळ घातला नाही. ऑडिटचे भाग, गुण ० ते १० कसे देतात, ९० टक्क्यांना ए आणि ८० ला बी, एवढं वाचलं. उत्तर मात्र काळजीपूर्वक लिहिलं: “मी व्हीडीए ऑडिट केलेलं नाही. आमच्याकडे झालेल्या ऑडिटमध्ये उत्पादन प्रक्रियेच्या भागाला, पी६ ला, उत्तरं मी दिली.” त्यात ‘ऑडिटचा अनुभव आहे’ असे मोघम शब्द येऊ द्यायचे नाहीत, कारण पुढचा प्रश्न ‘किती ऑडिट केले?’ हाच असतो. एसएपीसाठी मैत्रिणीकडून इन्स्पेक्शन लॉटची यादी `QA32` ला कशी दिसते आणि त्यावर निर्णय कसा नोंदवतात ते एकदा बघून घेतलं. त्याहून जास्त केलं असतं तर मोल्डिंगचा वेळ गेला असता.

सगळं झाल्यावर सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “एक रकाना यात नाहीच. तो जेडीत लिहिलेला नाही म्हणून आपल्याला सापडला नाही.” तो अधिकाराचा होता. सप्लायरच्या बाजूने आठ वर्षं काम केलेल्या माणसाबद्दल पॅनलला वाटणारी शंका अशी की ही सप्लायरची बाजू घेईल, किंवा नव्या अधिकाराने त्याच्यावर ओरडेल. प्रश्न त्यांनीच घातला: “लाइनला दोन तासांचा माल उरलाय. आलेल्या लॉटमध्ये बर सापडला. सप्लायरचा मालक फोनवर सांगतोय की या वेळी घ्या, पुढच्या वेळी नाही होणार. प्रॉडक्शनवाले तुझ्या डोक्यावर उभे आहेत.”

यासाठी मी माझाच जुना अनुभव उलटा फिरवला. आमच्याकडून एकदा क्रॉस होलच्या तोंडाशी बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची धार, राहून माल गेला होता, आणि कस्टमरच्या इंजिनिअरने त्या दिवशी जे केलं ते मला जवळून माहीत होतं. त्यांनी आधी माल तीन ठिकाणी थांबवला: त्यांच्या स्टोअरमध्ये, वाटेतल्या गाडीत आणि आमच्या तयार मालात. मग बर कुठे आणि कसा बघायचा हे एका पार्टवर खूण करून ठरवलं आणि आमची माणसं बोलावून निवड करून घेतली. निवडलेल्या पार्टवर रंगाचा ठिपका लावून लाइनला दिला. लॉट तसाच घेण्याची विनंती त्यांनी धुडकावली, पण ओरडले नाहीत. त्या वेळी राग आला होता, आता त्यातली प्रत्येक पायरी मला उत्तर म्हणून हवी होती. एक गोष्ट मी जोडली: डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगमध्ये न बसणारा माल घेण्याची परवानगी, द्यायचंच असेल तर ते संख्या आणि तारीख घालून, डिझाइनवाल्यांची सही घेऊन, आणि गंभीरता जास्त असलेल्या मापासाठी नाहीच.

मुलाखतीत तिघे होते. सुरुवात एचआरच्या मॅडमनी केली आणि खंडाचा प्रश्न दुसऱ्याच मिनिटाला आला. दोन वाक्यं सांगून मी थांबले. त्यांनी प्रवासाबद्दल विचारण्याआधीच उत्तर मिळाल्यामुळे तो विषय तिथे संपला. मग सप्लायर क्वालिटीचे मॅनेजर बोलायला लागले. त्यांनी मोल्डिंगचा प्रश्न तोंडी विचारलाच नाही. ड्रॉवरमधून काळ्या ग्लास-फिल्ड नायलॉनचा एक ब्रॅकेट काढून टेबलावर ठेवला. स्क्रूच्या बॉसजवळ तडा होता. “काय वाटतं?”

मी आधी म्हटलं की मोल्डिंगवर काम केलेलं नाही. मग पार्ट उलटा करून कॅव्हिटीचा आकडा बघितला आणि विचारलं की तडे गेलेले बाकीचे पार्ट याच कॅव्हिटीचे आहेत का. ते म्हणाले, “हो, दोनच कॅव्हिटींचे.” मी म्हटलं, मग मटेरियलपेक्षा टूलकडे आधी बघेन, त्या दोन कॅव्हिटींत प्लॅस्टिक कसं भरतं, हवा नीट बाहेर जाते का हे सप्लायरला दाखवायला सांगेन, आणि स्क्रूचा टॉर्क आपल्याकडे बदलला नाही ना हे त्याआधी तपासेन. तडा प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जिथे मिळतात त्या रेषेवर आहे का, असं त्यांनी पुढे विचारलं. मी सांगितलं की ती रेषा मला ओळखता येईल याची खात्री नाही, टूलची माहिती असलेल्या माणसाला बरोबर घेऊन बघेन. ते उत्तर त्यांनी लिहून घेतलं. पुढे त्यावर प्रश्न आला नाही.

पीपॅपवर जवळपास सरांच्याच तऱ्हेचं गणित आलं, आकडे वेगळे होते. एफएमईएचा विषय मीच काढला नाही, त्यांनी काढला, आणि ७२ चं उदाहरण ब्रेक पेडलसह सांगता आलं. व्हीडीएवर एकच प्रश्न आला, एसएपीवर एकही नाही. अधिकाराचा प्रश्न तिसऱ्या माणसाने, प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी विचारला, आणि तो सरांपेक्षा कठोरपणे विचारला: “लाइन थांबली तर मला उत्तर कोण देणार, तुम्ही?” माल निवडून पहिले पार्ट लाइनला किती वेळात देता येतील हे मी आधी सांगेन, असं म्हटल्यावर ते निवडीच्या तपशिलात शिरले. किती माणसं, कोणता उजेड, बर बोटाने बघणार की भिंगाने. ही माझी रोजची जमीन होती.

एक गोष्ट मात्र यादीत नव्हती आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. ताडून पाहताना कास्टिंगच्या रकान्यात आम्ही बरोबरची खूण केली होती, कारण आम्ही कास्टिंगवरच मशिनिंग करायचो. मॅनेजरनी तिथेच खोल विचारलं: मशिनिंगनंतर बोअरमध्ये पोरॉसिटी उघडी पडली तर ती गॅसची की श्रिंकेजची हे कशावरून ठरवाल? गोल, गुळगुळीत भिंतीची पोकळी आणि खडबडीत, वेडीवाकडी पोकळी यातला फरक मला कामामुळे माहीत होता, म्हणून उत्तर देता आलं. पण त्या प्रश्नामागचा तर्क मला तिथेच कळला. कोऱ्या रकान्यांत ते माझी पद्धत बघत होते आणि भरलेल्या रकान्यांत माझा खरेपणा तपासत होते. घरी आल्यावर मी खूण केलेल्या प्रत्येक ओळीखालीही तीन पायऱ्यांचे प्रश्न लिहिले, कारण दुसरी फेरी प्लांट हेडबरोबर होती. त्यात आठ-डीचा, म्हणजे दोषाचं मूळ कारण शोधायच्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीचा, एक पूर्ण किस्सा पुन्हा उलगडला: बरचं मूळ कारण डीबरिंग टूलची झीज हे कशावरून ठरवलं, आणि ते टूल मुद्दाम पुन्हा लावून दोष परत आणून दाखवला होता का. दाखवला होता, पण हे रेझ्युमेत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत प्लांट हेडनी शेवटी विचारलं की पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला आमच्याकडून काय लागेल. बंद न झालेल्या रकान्यांतून दोन मागण्या मी लिहूनच नेल्या होत्या. मोल्डिंगच्या सप्लायरकडे टूल ट्रायलला पहिल्या महिन्यात कंपनीच्या टूल इंजिनिअरबरोबर जाऊ द्यावं, आणि पुढचं व्हीडीए ऑडिट असेल तेव्हा ऑडिटरच्या सोबत बसू द्यावं. ट्रायलला त्यांनी लगेच हो म्हटलं. ऑडिटचं वेळापत्रक बघून सांगतो म्हणाले, आणि नेमणुकीच्या पत्राबरोबर आलेल्या मेलमध्ये त्याची तारीख होती.